इज की आर? ‘ईच अँड एव्हरी’, ‘वन ऑफ द’ आणि दोन तऱ्हेचे ‘नंबर ऑफ’

प्रश्न: सर, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. ‘ईच अँड एव्हरी’, ‘वन ऑफ द’ आणि ‘अ नंबर ऑफ – द नंबर ऑफ’ यांचे नियम तोंडपाठ आहेत. तरी वाक्य जरा लांब आलं की इज लावायचं का आर, हॅज का हॅव, तिथे हमखास गंडते. असं का होतं आणि यावर पक्का उपाय काय?

उत्तर:

आधी एक सांगून ठेवतो. खालची इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, कारण ही चूक डोळ्यांपेक्षा कानामुळे होते. वाक्यं मनातल्या मनात न वाचता ओठांनी वाचा.

गडबडीचं मूळ दोन भाषांच्या बांधणीत आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मुलांपैकी एक गैरहजर आहे.’ इथे ‘मुलांपैकी’ आधी येऊन जातं आणि ‘एक’ क्रियापदाच्या जवळ येतं. शिवाय ‘मुलं’चं ‘मुलांपैकी’ झाल्यामुळे हा शब्द कर्ता नाही हे त्याच्या रूपावरूनच कळतं. त्यामुळे ‘मुलांपैकी एक गैरहजर आहेत’ असं कुणी मराठी माणूस सहसा बोलणार नाही. इंग्रजीत हाच क्रम उलटा होतो: ‘वन ऑफ द बॉईज इज अ‍ॅब्सेंट.’ ‘वन’ सुरुवातीला राहिला आणि क्रियापदाच्या शेजारी ‘बॉईज’ येऊन बसले. त्या ‘बॉईज’च्या रूपात काही फरक पडत नाही. कर्ता असले तरी ‘बॉईज’ आणि ‘ऑफ’च्या मागे आले तरी ‘बॉईज’च. कानात शेवटचा आवाज अनेकवचनाचा राहतो आणि हात ‘आर’ लिहून मोकळा होतो.

ही खोड फक्त आपल्याला नाही. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये याच चुकीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना वाक्याची सुरुवात ऐकवायची आणि पुढचं वाक्य त्यांनी बोलून पूर्ण करायचं. कर्ता एकवचनी आणि त्याच्या मागे लागलेलं नाम अनेकवचनी असलं की लोक क्रियापद अनेकवचनी करून बसत. उलट रचनेत, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि शेजारचं नाम एकवचनी असताना, चुका खूपच कमी झाल्या. तुमच्या रचनांपैकी ‘वन ऑफ’, ‘ईच ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ या पहिल्या प्रकारच्या आहेत, म्हणून परीक्षा घेणाऱ्यांचाही त्यांच्यावर डोळा असतो.

त्यामुळे तीन नियम वेगवेगळे पाठ करण्याऐवजी एकच प्रश्न विचारायची सवय लावा: ‘ऑफ’च्या आधी जो शब्द आहे, तो खरा कर्ता आहे की नुसतं विशेषणाचं काम करतोय? ‘वन ऑफ’, ‘ईच ऑफ’, ‘द नंबर ऑफ’ यांत तो कर्ता आहे, म्हणून ‘ऑफ’च्या पुढचं सगळं झाकून टाकायचं आणि क्रियापद त्या कर्त्याला जुळवायचं. ‘अ नंबर ऑफ’मध्ये तो कर्ता राहिलेला नाही. त्या अख्ख्या शब्दगटाचा अर्थ ‘बरेच’ एवढाच होतो, म्हणून कर्ता ‘ऑफ’च्या पुढे शोधायचा. आता एकेक रचना बघू. सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, कारण काहींत खाचाखोचा जास्त आहेत.

‘वन ऑफ द’पासून सुरू करतो. इथे दोन चुका जोडीने येतात. पहिली नामाची. ‘वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन नाशिक’ हे वाक्य मी रोज कुठे ना कुठे ऐकतो. मनात ‘माझा एक मित्र नाशिकला राहतो’ हे वाक्य असतं, त्यात ‘मित्र’ एकवचनी, तेच तसंच इंग्रजीत उतरतं. पण इंग्रजीत आधी सगळ्या मित्रांचा गट उभा करावा लागतो आणि मग त्यातला एक उचलावा लागतो. गट म्हटला की अनेकवचन आलंच: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक.’ म्हणजे नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. ‘फ्रेंड्स’ला ‘स’ लागला आणि ‘लिव्ह’लाही ‘स’ लागला. पोरांना वाटतं की दोन्हीकडे ‘स’ कसा? पण ते दोन ‘स’ वेगळे आहेत. नामाचा ‘स’ अनेकवचनाचा, क्रियापदाचा ‘स’ एकवचनाचा.

‘वन ऑफ द बेस्ट’, ‘वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट’ अशी विशेषणं मध्ये आली की नामाची चूक आणखी लपते. ‘वन ऑफ द ओल्डेस्ट कॉलेज इन पुणे’ वाचताना विशेषणावर लक्ष जातं आणि ‘कॉलेज’चं ‘कॉलेजेस’ व्हायचं राहून जातं. ज्या वस्तूंना इंग्रजीत अनेकवचनच नाही त्यांच्याशी ही रचना थेट जमत नाही. ‘वन ऑफ द फर्निचर’ चालणार नाही, ‘वन ऑफ द पीसेस ऑफ फर्निचर’ म्हणावं लागतं. ‘इन्फर्मेशन’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’चंही तेच. ‘वन ऑफ द स्टाफ’ मात्र चालतं, कारण ‘स्टाफ’ म्हणजे माणसांचा समूह आणि तिथे तो शब्द अनेकवचनासारखा वागतो. एवढा अपवाद माहीत असला तर पुरे.

आता क्रियापदाकडे. एकटं वाक्य असलं की तुमचं चुकणार नाही. ‘वन ऑफ द विंडोज इज ब्रोकन’ पटकन जमतं. परीक्षेत मध्ये पाचर मारलेली असते: ‘वन ऑफ द क्लार्क्स वर्किंग इन द लोन सेक्शन ऑफ अवर ब्रँचेस हॅव बीन ट्रान्सफर्ड.’ क्रियापदाच्या आधी दोन अनेकवचनी नामं येऊन गेली. ‘ऑफ’पासून ‘ब्रँचेस’पर्यंत सगळ्यावर हात ठेवला की ‘वन … हॅव बीन ट्रान्सफर्ड’ उरतं आणि चूक लगेच दिसते. ‘हॅज बीन’ हवं.

इथे मराठीचा एक खास सापळा आहे आणि त्यात चांगली चांगली माणसं अडकलेली मी पाहिली आहेत. आपण मराठीत म्हणतो, ‘आमच्या ज्येष्ठ शिक्षकांपैकी एक निवृत्त झाले आहेत.’ माणूस एकच, पण मान म्हणून ‘झाले आहेत’. सर ‘आले’, साहेब ‘गेले’, आजोबा ‘बसलेत’. हे आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही. पण मनात ‘झाले आहेत’ घोळत असताना लिहिलं जातं, ‘वन ऑफ अवर सीनियर टीचर्स हॅव रिटायर्ड.’ एरवी ‘अवर प्रिन्सिपल हॅव रिटायर्ड’ असं कुणी लिहीत नाही, कारण तिथे शेजारी अनेकवचनी नाम नसतं. ‘वन ऑफ’मध्ये मात्र शेजारचं ‘टीचर्स’ आणि मनातलं ‘झाले आहेत’ दोघं मिळून एकाच बाजूला ओढतात. शाळांचे अहवाल, सोसायट्यांची पत्रं, निरोप समारंभाची भाषणं यांत ही चूक भरपूर सापडते. म्हणून मराठी वाक्यावरून पडताळा घ्यायचा असेल तर माणसाच्या जागी निर्जीव वस्तू घाला: ‘खिडक्यांपैकी एक फुटली आहे.’ आदर गेला की खरं वचन उघडं पडतं.

याच रचनेचा सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. ‘वन ऑफ द’च्या मागून ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ आलं की क्रियापदं दोन होतात आणि दोघांचे कर्ते वेगळे असू शकतात. ही दोन वाक्यं बघा:

‘शी इज वन ऑफ द टीचर्स हू कम ऑन टाइम.’
‘शी इज द ओन्ली वन ऑफ द टीचर्स हू कम्स ऑन टाइम.’

पहिल्यात ‘कम’, दुसऱ्यात ‘कम्स’, आणि दोन्ही बरोबर. इथे मराठी अगदी कामी येते, कारण आपल्याकडे ‘जो–तो’ची रचना आहे आणि ‘जो’चं वचन आपण लपवू शकत नाही. पहिलं वाक्य मराठीत सांगा: ‘जे शिक्षक वेळेवर येतात, त्यांपैकी ती एक आहे.’ ‘जे … येतात’, म्हणजे ‘हू’ हा शब्द सगळ्या शिक्षकांकडे बोट दाखवतो. वेळेवर येणारे बरेच आहेत, ती त्यांतली एक. दुसरं सांगा: ‘शिक्षकांपैकी ती एकटीच अशी आहे, जी वेळेवर येते.’ ‘जी … येते’, इथे ‘हू’ एकटीकडे बोट दाखवतो, म्हणून ‘कम्स’. तेव्हा ‘द ओन्ली वन ऑफ’ दिसलं की एकवचन आणि नुसतं ‘वन ऑफ’ असून पुढे ‘हू’ आलं की अनेकवचन, हा नियम पाठ केलात तरी चालेल. पण ‘जे’ की ‘जो’ हे विचारून बघितलंत तर नियम विसरलात तरी अडणार नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रत्यक्ष इंग्रजी लेखनात पहिल्या प्रकारच्या वाक्यातही ‘हू कम्स’ बऱ्याचदा सापडतं, चांगल्या लेखकांच्या लेखनातही. लिहिणाऱ्याच्या मनात त्या एका व्यक्तीवरच लक्ष असतं. त्यामुळे कुणी इंग्रज तसं बोलला म्हणून त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. परीक्षेच्या उत्तरतालिकेत मात्र अनेकवचनच धरून चाला.

आता ‘नंबर’. इथे नियम सगळ्यांना येतो: ‘अ नंबर ऑफ’ला अनेकवचन, ‘द नंबर ऑफ’ला एकवचन. तरी गोंधळ होतो, कारण कुठल्याला कुठलं हेच ऐन वेळी उलटं आठवतं. त्यामुळे अर्थाकडे बघा. ‘द नंबर ऑफ’ म्हणजे ‘संख्या’, एक आकडा. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘बरेच, अनेक’.

‘द नंबर ऑफ अ‍ॅप्लिकंट्स हॅज गॉन अप’ म्हणजे अर्जदारांची संख्या वाढली आहे. वाढली कोण? संख्या. अर्जदार काही वाढलेले नाहीत, ते होते तेवढ्याच उंचीचे आहेत. ‘अ नंबर ऑफ अ‍ॅप्लिकंट्स हॅव कम्प्लेन्ड’ म्हणजे बऱ्याच अर्जदारांनी तक्रार केली आहे. तक्रार कुणी केली? माणसांनी. आकडा तक्रार करत नाही. म्हणून क्रियापदाला विचारायचं, ‘हे काम आकडा करू शकतो का?’ वाढणं, घटणं, दुप्पट होणं, चाळीस असणं, कमी पडणं ही आकड्याची कामं. रांगेत उभं राहणं, रडणं, पास होणं, मागणी करणं ही माणसांची.

ही कसोटी आर्टिकलची चूकही पकडते, आणि तिथेच हुशार विद्यार्थी मार्क घालवतात. समजा वाक्य तुकड्यांत दिलंय: ‘अ नंबर ऑफ अ‍ॅक्सिडेंट्स / ऑन धिस हायवे / हॅज डबल्ड / इन टू इयर्स.’ नियम पाठ असलेला विद्यार्थी ‘अ नंबर ऑफ’ बघतो, तिसऱ्या तुकड्यावर खूण करतो आणि ‘हॅज’चं ‘हॅव’ करतो. पण ‘बरेच अपघात दुप्पट झाले आहेत’ याला अर्थ काय? दुप्पट अपघातांची संख्या झाली आहे. चूक पहिल्या तुकड्यात आहे, ‘द नंबर ऑफ’ हवं होतं, आणि ‘हॅज’ आधीपासूनच बरोबर आहे. नियम फक्त एवढंच सांगतो की पहिला आणि तिसरा तुकडा एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांतला कुठला चुकलाय हे अर्थच सांगतो.

मराठीवरून पडताळा घेताना इथेही एक खड्डा आहे. ‘संख्या’ हा शब्द मराठी वाक्यात आला म्हणजे ‘द नंबर ऑफ’ असं समजू नका. आपल्या बातम्यांत हमखास असतं, ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ ‘संख्या’ आहे, पण ‘संख्येने’ झाली आहे. उपस्थित होते ते विद्यार्थी. इंग्रजीत हे ‘अ लार्ज नंबर ऑफ स्टुडंट्स वेअर प्रेझेंट’ होईल. ‘विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती’ म्हटलं तर ‘संख्या’ कर्ता झाली आणि इंग्रजीत ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स वॉज लार्ज’ आलं. थोडक्यात, ‘संख्या’ असली तर ‘द’, ‘संख्येने’ असली तर ‘अ’.

‘अ’ आणि ‘नंबर’ यांच्या मध्ये ‘लार्ज’, ‘स्मॉल’, ‘ग्रोइंग’, ‘सरप्रायझिंग’ काहीही आलं तरी अर्थ ‘बरेच’ किंवा ‘थोडे’ एवढाच राहतो, म्हणून क्रियापद अनेकवचनीच: ‘अ ग्रोइंग नंबर ऑफ फार्मर्स आर टर्निंग टू ड्रिप.’ वाक्य ‘देअर’ने सुरू झालं की ‘अ’ ऐकून ‘इज’ तोंडात येतं, तिथेही ‘देअर आर अ नंबर ऑफ रीझन्स’ असंच लिहा.

आर्टिकल हे खरं कारण नाही, ती फक्त खूण आहे, हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी गणिताच्या पुस्तकातलं वाटावं असं एक वाक्य: ‘अ नंबर ऑफ फोर डिजिट्स इज लेस दॅन टेन थाउजंड.’ सुरुवातीला ‘अ नंबर ऑफ’, पुढे अनेकवचनी ‘डिजिट्स’, तरी ‘इज’, आणि वाक्य शंभर टक्के बरोबर. कारण इथे ‘अ नंबर’ म्हणजे खरोखरची एक संख्या, चार अंकी. ‘बरेच’ हा अर्थ नाही, म्हणून ‘नंबर’ पुन्हा कर्त्याच्या जागी येऊन बसतो. परीक्षेत असं वाक्य क्वचितच येईल. पण ‘ऑफ’च्या आधीचा शब्द कर्ता आहे की विशेषण, हा प्रश्न आर्टिकलपेक्षा वरचा का, ते यावरून कळतं. ‘अ टोटल ऑफ’ आणि ‘द टोटल ऑफ’ यांनाही हाच न्याय लावा.

उरलं ‘ईच’ आणि ‘एव्हरी’. नामाच्या आधी आले की दोघांनाही एकवचनी नाम आणि एकवचनी क्रियापद: ‘ईच मेंबर हॅज’, ‘एव्हरी मेंबर हॅज’. मराठीतला ‘प्रत्येक’ही असाच वागतो, ‘प्रत्येक सभासद आला’, म्हणून इथे अडचण येत नाही. ‘ईच अँड एव्हरी’ म्हणजे दोघांना जोडून दिलेला जोर. मध्ये ‘अँड’ आहे म्हणून अनेकवचन होत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी जोडलेल्याच नाहीत. ‘ईच अँड एव्हरी मेंबर हॅज पेड.’ एवढंच काय, नामं दोन-तीन असली तरी आधी ‘एव्हरी’ आलं की एकवचन टिकतं: ‘एव्हरी मॅन, वुमन अँड चाइल्ड वॉज सेव्ह्ड.’ ‘एव्हरी’ प्रत्येकाला सुटं करतो, मग ‘अँड’ला बेरीज करायला काही उरत नाही. माझं मत विचाराल तर ‘ईच अँड एव्हरी’ भाषणात शोभतं, अर्जात आणि अहवालात नुसतं ‘एव्हरी’ पुरतं. पण परीक्षेत ही रचना दिसली म्हणून तीच चूक आहे असं समजू नका.

दोघांत फरक आहे तो ‘ऑफ’पाशी. ‘ईच ऑफ द मेंबर्स’ चालतं, ‘एव्हरी ऑफ द मेंबर्स’ चालत नाही. ‘एव्हरी’ला एकट्याने उभं राहता येत नाही, त्याला पुढे नाम किंवा ‘वन’ लागतंच: ‘एव्हरी वन ऑफ द मेंबर्स’. त्यामुळे ‘ईच अँड एव्हरी ऑफ द मेंबर्स’ हेही चूक, ‘ईच अँड एव्हरी वन ऑफ द मेंबर्स’ हवं. आणि गोष्टी दोनच असतील तर ‘एव्हरी’ वापरत नाहीत. दोन्ही हातांत बांगड्या असतील तर ‘ऑन ईच हँड’.

‘ईच ऑफ द मेंबर्स’ला ‘वन ऑफ’चाच न्याय: पुढचं झाका, ‘ईच हॅज’. बोलण्यात मातृभाषिकही ‘ईच ऑफ देम हॅव’ म्हणून जातात, पण लेखी परीक्षेत आणि कार्यालयात ते धकत नाही.

खरा घोळ ‘ईच’ कर्त्याच्या मागे गेला की होतो. ‘द मेंबर्स ईच हॅव अ की.’ विद्यार्थी ‘ईच’ बघतो आणि ‘हॅज’ करतो. इथे मराठीतला ‘प्रत्येक’ आणि ‘प्रत्येकी’ यांच्यातला फरक आठवा. ‘प्रत्येक सभासदाला एक किल्ली मिळाली’ आणि ‘सभासदांना प्रत्येकी एक किल्ली मिळाली’. दुसऱ्या वाक्यात बोलणं ‘सभासदांना’ या अनेकवचनाबद्दल चाललंय, ‘प्रत्येकी’ फक्त वाटणी कशी झाली ते सांगतं. मागे गेलेला ‘ईच’ म्हणजे हा ‘प्रत्येकी’. त्याला क्रियापदाशी देणंघेणं नसतं. कर्ता ‘मेंबर्स’, म्हणून ‘हॅव’. वाक्याच्या शेवटी गेला तरी तसंच: ‘दे हॅव अ की ईच.’

सर्वनामाबद्दल दोन ओळी. ‘ईच स्टुडंट मस्ट ब्रिंग …’ पुढे ‘हिज’ की ‘देअर’? मराठीत ‘प्रत्येकाने आपापली वही आणावी’ म्हणून आपण सुटतो, इंग्रजीत ‘आपापली’ नाही. जुन्या पठडीच्या उत्तरतालिका ‘हिज’ किंवा ‘हिज ऑर हर’ धरतात, आजच्या इंग्रजीत ‘देअर’ सर्रास मान्य आहे. पर्यायांत दोन्ही असतील तर परीक्षेत एकवचनी घ्या. मात्र ‘देअर’ वापरलं तरी क्रियापद हलत नाही: ‘एव्हरी स्टुडंट हॅज ब्रॉट देअर बुक.’

आता हे सगळं एकत्र लावून बघू. वर्गात सरावाला देतो तो परिच्छेद असा. एका शाळेचा अहवाल आहे असं धरा. सहाही वाक्यांत चूक आहे.

‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव इन्क्रीज्ड धिस इयर. अ नंबर ऑफ पेरेंट्स फ्रॉम द निअरबाय व्हिलेज हॅज आस्क्ड फॉर अ बस. वन ऑफ अवर सीनियर टीचर हॅव अग्रीड टू हेल्प. ईच अँड एव्हरी ऑफ द क्लासरूम्स हॅव अ न्यू बोर्ड. अवर्स इज वन ऑफ द फ्यू स्कूल्स इन द तालुका दॅट ऑफर्स फ्री कोचिंग. द हेडमास्टर अँड द क्लार्क ईच हॅज अ सेपरेट रूम.’

पहिल्यात वाढली ती संख्या, आकड्याचं काम, म्हणून ‘द’ बरोबर आणि ‘हॅव’चं ‘हॅज’. दुसऱ्यात बस मागितली ती पालकांनी, ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘बरेच’, म्हणून ‘हॅव आस्क्ड’. इथे सापळा उलटा लावलाय, क्रियापदाच्या शेजारी एकवचनी ‘व्हिलेज’ बसवलंय. तिसऱ्यात दोन चुका: गट हवा म्हणून ‘टीचर्स’, आणि सर कितीही मोठे असले तरी इंग्रजीत एकटेच, म्हणून ‘हॅज अग्रीड’. चौथ्यात ‘एव्हरी’ला ‘वन’ द्या आणि ‘हॅज’ करा. नाहीतर सरळ ‘एव्हरी क्लासरूम हॅज अ न्यू बोर्ड’ लिहा, मी असतो तर हेच लिहिलं असतं. पाचवं मराठीत सांगा: ‘ज्या मोजक्या शाळा मोफत शिकवणी देतात, त्यांपैकी आमची एक.’ ‘ज्या … देतात’, म्हणून ‘दॅट ऑफर’. अर्थात वाक्याच्या सुरुवातीचं ‘इज’ जिथल्या तिथे, त्याचा कर्ता ‘अवर्स’, म्हणजे आमची एक शाळा. सहाव्यात ‘ईच’ मागे गेलाय, तो ‘प्रत्येकी’. कर्ते दोघं, म्हणून ‘हॅव’. तोच ‘ईच’ पुढे आणलात, ‘ईच ऑफ देम’, तर मात्र ‘हॅज’.

या सहानंतर मी सातवं वाक्य देतो: ‘द नंबर ऑफ टीचर्स हू कम फ्रॉम आउटसाइड द तालुका इज स्मॉल.’ सहा चुका काढून हात सैल झालेला असतो, त्यामुळे निम्मा वर्ग ‘इज’चं ‘आर’ करतो आणि दोन-चार जण ‘कम’चं ‘कम्स’ करतात. जे शिक्षक बाहेरून येतात, ते अनेक, म्हणून ‘कम’. त्यांची संख्या लहान आहे, ती एक, म्हणून ‘इज’. इथे ‘नो एरर’वर खूण करायची.